भोलू गार्डचा कंदील एका रंगात

आज समोर छापखानेवाले आहेत, फलक रंगवणारे आहेत, आणि आपल्या गटासाठी नाहीतर दुकानासाठी एखादं कार्टून करून घ्यायच्या विचारात असलेलेही बरेच जण दिसताहेत. चित्रकाराने आणलेलं रंगीत चित्र बघून आपण "छान आहे" म्हणतो आणि होकार देऊन टाकतो. हा होकार देण्याआधी काय तपासायचं, तेवढंच आज बोलू. त्यासाठी सगळ्यांच्या ओळखीचं एक उदाहरण घेतो, रेल्वेचा भोलू हत्ती.

जलंब, नांदुरा, मलकापूर या मार्गावर ज्यांनी रात्रीच्या गाड्या पाहिल्यात, त्यांना गार्डचा कंदील वेगळा सांगायला नको. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आपल्या तोंडात गार्डच बसलाय.) भारतीय रेल्वेला दीडशे वर्षं होत होती, तेव्हा नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने हा शुभंकर केला. १६ एप्रिल २००२ रोजी बंगळूरला त्याचं अनावरण झालं. गार्डच्या वेशातला हत्ती, हातात हिरव्या दिव्याचा कंदील. मुळात तो त्या वर्षापुरताच होता, पण २००३ मध्ये रेल्वेने त्याला कायम ठेवलं. आणि त्याच वर्षी तो दोन रुपयांच्या नाण्यावर आला. आपल्या विषयासाठी यापेक्षा कडक परीक्षा नाही. नाण्यावर रंग नाही, शाई नाही, जागा बोटाच्या पेराएवढी.

आधी रंगाचं बघू. या चित्रात अर्थ कुठे आहे? हत्तीत नाही, तो दिव्याच्या हिरवेपणात आहे. हिरवा म्हणजे चला, लाल म्हणजे थांबा. आता हे चित्र काळं-पांढरं करा. कॉम्प्युटर रंगाचा करडा करताना साधारण लालाचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के आणि निळ्याचे ११ टक्के धरतो, कारण आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ दिसतो. पडद्यावरचा पूर्ण लाल म्हणजे २५५. त्याचे ३० टक्के झाले ७६. मध्यम गडद हिरवा म्हणजे १२८. त्याचे ५९ टक्के झाले ७५ ते ७६. म्हणजे थांबा आणि चला, दोन्ही दिवे एकाच करड्या रंगाचे! झेरॉक्सवर भोलूच्या हातात कोणता दिवा आहे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आणि हा करडा तरी कुठे मिळतो? रबरी शिक्क्यात करडं काही नसतं. एक तर शाई लागते, नाहीतर लागत नाही. म्हणून "ग्रेस्केल करून पाहिलं, चांगलं दिसतं" हे उत्तर मी मानत नाही. रंग गेल्यावर काय शिल्लक राहतं, ते बघायचं. अमूलची मुलगी बघा. तिच्या फ्रॉकवर ठिपके आहेत, ते काळ्या शाईतही ठिपकेच राहतात. नक्षी टिकते, रंग टिकत नाही.

मग भोलूने काय करायचं? याचं उत्तर रेल्वेच्याच नियमात आहे, आणि ते मला फार आवडतं. हाताने दाखवायच्या रात्रीच्या खुणांमध्ये नुसता रंग नाही, हालचालही आहे. हिरवा दिवा स्थिर धरला तर चला. हिरवा खाली-वर हलवला तर जपून चला. आणि लाल दिवा नसेल तर पांढरा दिवा अंगासमोर आडवा जोरजोरात हलवायचा, म्हणजे थांबा. आता विचार करा. चित्रकाराला चित्र जिवंत करायची हौस असते. तो कंदिलाच्या दोन्ही बाजूंना झुलण्याच्या रेषा काढतो. रंगीत चित्रात ते गोड दिसेल. एका रंगात छापलं की रेल्वेच्या माणसाला तो हत्ती गाडी थांबवताना दिसेल. म्हणून एकरंगी भोलूचा कंदील स्थिरच हवा. प्रकाश दाखवायचा तर दिव्याभोवती किरणांच्या रेषा पुरतात.

इथून आपण पोझवर येतो. पोझ तपासायची सोपी रीत म्हणजे चित्र आतून पूर्ण काळं भरायचं, सावलीसारखं. हत्ती समोरून उभा केला की त्याची सोंड छातीवर येते आणि त्या काळ्यात बुडते. उरतात दोन गोल कान. तो उंदीरही असू शकतो. सोंड थोडी बाजूला वळवून अंगाच्या कडेबाहेर काढली की लगेच हत्ती. कंदिलाचा हातही तसाच अंगापासून दूर हवा, मध्ये मोकळी फट दिसली पाहिजे. आपल्याकडे अजून एक गंमत आहे. समोरून हत्तीचं तोंड, वळलेली सोंड, डोक्यावर काहीतरी उंच, एवढं काळ्यात दिसलं की टोपीचा मुकुट होतो आणि लोकांना गणपती दिसतो. मग तो पायपुसण्यावर किंवा पोत्यावर छापायला कुणी धजणार नाही. टोपीचा पुढचा छज्जा सावलीत स्पष्ट दिसतोय का, हे म्हणूनच बघायचं.

चित्रकाराकडे एकच पोझ मागू नका. समोरून, तिरका, बाजूने, पाठीमागून, आणि एक बसलेला मागा. डोक्याची उंची मोजा. उभ्या चित्रात पूर्ण अंग तीन डोक्यांएवढं असेल तर तिरक्यातही तेवढंच हवं. कान मात्र मोजून चालत नाही. मिकी माउसचे कान तो कुठेही वळला तरी गोलच काढतात. खऱ्या उंदराचे तसे दिसणार नाहीत, पण ओळख टिकते. हत्तीचा कान बाजूने बघितला तर खांदा झाकतो, म्हणून तिथे असा एखादा ठराव आधीच करावा लागतो.

राहिला आकार. ते नाणं २६ मिलिमीटरचं आहे. अक्षरांची जागा सोडून हत्तीला, समजा, दीड सेंटिमीटर मिळाला. मूळ चित्र कागदावर २४ सेंटिमीटर उंच आणि त्याची रेघ २ मिलिमीटर जाड असेल, तर १६ पट लहान केल्यावर रेघ उरते पाव मिलिमीटरच्या निम्मी. टाकसाळीचा साचा एखादे वेळी ती पेलेल. आपल्या तागाच्या पोत्यावर सुताचीच वीण त्याच्या कितीतरी पट जाड असते. आणि छोट्या छपाईत पहिल्यांदा बिघडतात त्या रेघा नाहीत, फटी. शाई पसरते आणि हात आणि पोट यांच्यातली मोकळी जागा भरून जाते. म्हणून पडद्यावर लहान करून बघू नका. खऱ्या मापात छापा, शिक्का करून दहा वेळा उठवा आणि दहावा ठसा बघा.

ब्राउझरच्या टॅबवरचं लहान चिन्ह तर १६ चौकोन उंच आणि १६ रुंद. त्यात पूर्ण उभा हत्ती बसवला तर डोक्याला जेमतेम पाच चौकोन येतात. पाच चौकोनांत कान, डोळा, सोंड, टोपी कशी मावणार? तिथे लहान केलेलं चित्र चालतच नाही, वेगळं काढावं लागतं. फक्त डोकं, छज्जा आणि सोंड. कंदील तिथे सोडून द्यावा, असं माझं मत आहे. दोन चौकोनांचा कंदील म्हणजे नुसता डाग. तुमच्यापैकी काहींना ते पटणार नाही, कारण कंदिलाशिवाय तो टोपीवाला कुठलाही हत्ती झाला. मग उलट करून बघा, नुसता कंदील घ्या आणि हत्ती वगळा. दोन्ही १६ चौकोनांत काढून, आधी काही न सांगता चार जणांना दाखवा आणि "हे काय आहे" एवढंच विचारा.