अग्रलेखाचे चिकित्सक वाचन : वस्तुस्थिती, मत आणि युक्तिवाद

कनिष्ठ महाविद्यालयीन स्तरावर अग्रलेखाचे अध्यापन बहुधा सारांशलेखनापुरते मर्यादित राहते. विद्यार्थी लेखाचा आशय सांगू शकतो; परंतु त्यातील कोणते विधान पडताळता येते, कोणते संपादकाचे मत आहे आणि एकावरून दुसरे कसे निष्पन्न झाले, हे त्याला सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात या अडचणीचे कारण व तिच्यावरील अध्यापनपद्धती यांचा एका नमुना-परिच्छेदाच्या आधारे विचार केला आहे.

अडचणीचे मूळ वर्गीकरणाच्या रूढ पद्धतीतच आहे. वस्तुस्थिती, मत व युक्तिवाद असे तीन रकाने आखून प्रत्येक वाक्य कोणत्यातरी रकान्यात घालण्यास सांगितले जाते. वस्तुतः युक्तिवाद हा वाक्याचा तिसरा प्रकार नव्हे. तो विधानांमधील संबंध होय. त्यामुळे विद्यार्थ्यांना तिसरा रकाना भरता येत नाही, आणि ते जोरकस वाक्यालाच युक्तिवाद समजतात.

अध्यापनासाठी तयार केलेला पुढील परिच्छेद पाहावा :

'राज्यघटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने मतदाराचे किमान वय २१ वरून १८ वर आले. तरीही आजचा तरुण मतदानाबाबत बेफिकीर आहे, हे सर्वश्रुतच आहे. ज्याला अधिकार हवा, त्याने कर्तव्यही पार पाडले पाहिजे. म्हणून मतदान सक्तीचे करणे हाच एकमेव उपाय होय.'

वाचनाचा प्रारंभ शेवटच्या वाक्यापासून करावा. 'लेखकाला आपल्याकडून काय मान्य करून घ्यावयाचे आहे?' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे निष्कर्ष. येथे 'म्हणून' या शब्दाने तो ओळखता येतो. प्रत्यक्ष अग्रलेखात मात्र तो पुष्कळदा शीर्षकातच असतो, तोही प्रश्नाच्या रूपाने. ६ जुलै १८९७ च्या 'केसरी'तील 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हे शीर्षक याचे ठळक उदाहरण होय. रँडवरील हल्ल्यानंतर सरकारने पुण्यात जे धोरण अवलंबिले, त्यावरील तो अग्रलेख होता. व्याकरणदृष्ट्या हा प्रश्न आहे. आशयदृष्ट्या ते ठाम मत आहे. अशा प्रश्नाचे विधानात रूपांतर करून लिहावयास लावले की विद्यार्थ्यांच्या ते सहज लक्षात येते.

निष्कर्ष हाती आल्यावर उरलेल्या वाक्यांकडे वळावे. पहिले विधान पडताळण्याजोगे आहे. पडताळणी करताना विद्यार्थ्यांना १९८८ व १९८९ अशी दोन्ही वर्षे आढळतील. कारण दुरुस्ती १९८८ ची असून ती २८ मार्च १९८९ रोजी अमलात आली. पडताळण्याजोगे विधान खरेच असते असे नाही, हेही येथेच सांगावे. वस्तुस्थितीविषयक विधान खोटे निघू शकते, आणि मत साधार असू शकते. 'वस्तुस्थिती चांगली, मत वाईट' ही समजूत वर्गात फार लवकर रुजते व नंतर निघता निघत नाही.

दुसरे वाक्य सर्वांत अधिक वेळ देण्यासारखे आहे. त्याचा पेहराव वस्तुस्थितीचा आहे. 'तरुणांचे मतदान कमी आहे' एवढेच म्हटले असते, तर आकडे मागता आले असते. 'बेफिकीर' हा शब्द त्या वर्तनाचे कारणही ठरवून टाकतो. शिक्षणासाठी परगावी राहणारा किंवा मतदारयादीत नावच नसलेला तरुण मत देत नाही, पण तो बेफिकीर असतोच असे नाही. 'सर्वश्रुतच आहे' हे शब्द तर पुराव्याची जागा अडवून बसतात. तिसरे वाक्य मूल्यविधान आहे. त्याची पडताळणी होत नाही, चर्चा होऊ शकते.

आता या विधानांवरून निष्कर्षाकडे जाताना मधला दुवा कोणता राहिला, हे विचारावे. लेखकाने न लिहिलेले वाक्य विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे : 'सक्तीने बेफिकिरी दूर होते, आणि दुसऱ्या कशानेही होत नाही.' हे गृहीतक बरोबर ओळखले की नाही, याची कसोटी सोपी आहे. ते नाकारून पाहावे. निष्कर्ष कोसळला, तर ते युक्तिवादाला आवश्यक होते. पुढे त्याच्या बळाचा विचार करता येतो. ऑस्ट्रेलियात १९२४ साली संघीय निवडणुकांसाठी मतदान सक्तीचे झाले. १९२२ मध्ये साठ टक्क्यांहून कमी असलेले मतदान १९२५ मध्ये नव्वद टक्क्यांच्या वर गेले. यावरून सक्तीने मतदान वाढते, याला आधार मिळतो. आस्था वाढते, याला मिळत नाही. 'एकमेव' या शब्दाला तर मुळीच नाही.

एवढ्या कामाला किमान दोन तासिका लागतात, आणि परिच्छेद चार-पाच वाक्यांहून मोठा घेतल्यास तेवढ्याही पुरत नाहीत. आणखी एक मर्यादा अनुभवास येते : न पटणाऱ्या अग्रलेखातील उणिवा विद्यार्थी चटकन दाखवितात, पटणाऱ्या अग्रलेखात त्यांना सर्वच वस्तुस्थिती वाटते. यासाठी एकाच विषयावरील परस्परविरोधी असे दोन अग्रलेख द्यावेत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याला मान्य असलेल्या अग्रलेखातीलच अलिखित गृहीतक शोधावे. मूल्यमापनही त्याच वाक्यावर करावे.