४,००० डबे की २८?

लीन, अजाईल आणि लीजाईल पुरवठा साखळ्यांची तुलना करा, असा प्रश्न आला की विद्यार्थी तीन रकाने आखून वैशिष्ट्यं भरायला लागतात. माझ्या मते उत्तराची सुरुवात मालापासून व्हायला हवी. मार्शल फिशर यांनी १९९७ च्या आपल्या गाजलेल्या लेखात हाच क्रम धरला होता: आधी मागणीचा स्वभाव ओळखा, मग साखळी निवडा.

मीठ घ्या. घरोघरी ते दर महिन्याला जवळपास तेवढंच लागतं आणि नफा तुटपुंजा असतो. इथे पैसा वाचतो तो भरलेल्या ट्रकमधून आणि कमी साठ्यातून, म्हणून साखळी लीन. फॅशनच्या कपड्यांचं उलट आहे. काय खपेल हे हंगाम सुरू झाल्यावरच कळतं. उरलेला माल अर्ध्या किमतीत काढावा लागतो आणि संपलेल्या मालाचं गिऱ्हाईक परत जातं. हे नुकसान वाहतुकीतल्या बचतीपेक्षा मोठं असतं. म्हणून झारा आपले बरेचसे कपडे स्पेन आणि आसपासच्या देशांत, मजुरी महाग पडली तरी, थोडेथोडे शिवून घेते. ही अजाईल साखळी.

लीजाईल समजायला रंगाच्या दुकानात जावं. समजा, शेडकार्डावर १,००० छटा आहेत आणि डब्यांचे आकार ४. सगळे डबे तयार ठेवायचे तर ४,००० प्रकार झाले. आता दुकानदार ४ प्रकारचे बेस त्याच ४ आकारांत ठेवतो आणि शेजारी टिंटिंग मशीनमध्ये १२ स्टेनर. एकूण २८ वस्तू. गिऱ्हाइकाने छटा निवडली की मशीन मोजून स्टेनर सोडतं, डबा हलवला जातो आणि काही मिनिटांत रंग तयार.

यामागचं कारण साधं आहे. अमुक एक फिकट जांभळी छटा या महिन्यात किती खपेल ते कुणीच सांगू शकत नाही, पण सगळ्या छटांना मिळून बेस किती लागेल याचा अंदाज बराच जवळ येतो. एका छटेची घट दुसरी भरून काढते. म्हणून बेसपर्यंत लीन आणि तिथून पुढे अजाईल. जिथे अंदाज संपून ऑर्डर सुरू होते, त्या जागेला डिकपलिंग पॉइंट म्हणतात. उत्तरात हा बिंदू दाखवला नाही, तर लीजाईल म्हणजे दोन्हींची खिचडी असंच परीक्षकाला वाटेल.

अर्थात हे सगळीकडे चालत नाही. शेवटची पायरी झटपट आणि दुकानात करण्याजोगी हवी, आणि मशीनचा खर्च निघेल एवढा खप हवा. मिसळलेला डबा दुकानदार सहसा परत घेत नाही, त्यामुळे ऑर्डरआधी मिसळून ठेवणं म्हणजे जुनी अडचण पुन्हा ओढवून घेणं. आणि पांढरा रंग? त्याला भरपूर आणि स्थिर मागणी असते, तेव्हा तो कारखान्यातूनच तयार डब्यात येतो, सरळ लीन पद्धतीने.