माथ्यावरचं 100 ग्रॅमचं वजन

स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत ठेवतात तो मनोरा दिसायला अगदी साधा असतो. पोलादाच्या उभ्या लवचिक पट्ट्या, माथ्यावर जड पाटी आणि बुडाशी मागेपुढे सरकणारं शेक टेबल. समजा, माथ्याचं वजन 2 किलो आहे आणि ढकलून सोडल्यावर मनोरा सेकंदाला 2 वेळा डोलतो. टेबलही त्याच ठेक्यात हलवलं, तर प्रत्येक हेलकावा आधीच्यात भर घालतो. पट्ट्यांचं अंगचं अवमंदन जेमतेम 1 टक्का असेल, तर टेबल 1 मिलिमीटर हलताच माथा 50 मिलिमीटरपर्यंत झुलू लागतो.

आता माथ्यावर स्प्रिंग लावलेली 100 ग्रॅमची गाडी ठेवायची. हाच ट्यून्ड मास डॅम्पर. गाडीचा ठेकाही नेमका 2 ठेवावा, असं कुणालाही वाटेल. तसं केलं आणि घर्षण जवळजवळ नसलं, तर 2 च्या ठेक्याला मनोरा खरोखरच शांत होतो. पण टेबलाचा वेग हळूहळू बदलत नेला, की फसवणूक उघडी पडते. 1.79 आणि 2.24 या दोन नव्या ठेक्यांवर मनोरा पुन्हा बेभान डोलतो. एक शिखर मोडलं, त्याची दोन झाली.

म्हणून गाडी मुद्दाम थोडी मंद, 1.9 च्या आसपास लावतात. त्यासाठी स्प्रिंग 1 सेंटिमीटर ताणायला 14-15 ग्रॅमचं वजन लागावं, एवढीच ताठ हवी. जोडीला सुमारे 13 टक्के अवमंदन द्यायचं. मनोऱ्याची ऊर्जा गाडीकडे येते आणि या अवमंदनात तिची उष्णता होते. मग दोन्ही शिखरं बसतात आणि 50 मिलिमीटरचा झोका 6-7 वर येतो.

जुळणी साधली की नाही, हे डोळ्यांनाही कळतं. मनोरा मधून जात असताना गाडी टोकाला असली पाहिजे, म्हणजे पाव फेरा मागे. दोघं बरोबरीने डोलत असतील, तर स्प्रिंग फार ताठ आहे. नेहमीची चूक मात्र वजनाची. जास्त वजन म्हणजे जास्त फायदा असं समजून गाडीवर 30 ग्रॅम वाढवले आणि स्प्रिंग तीच ठेवली, की ठेका 1.67 वर घसरतो. वजन वाढवायचं तर स्प्रिंगही तेवढीच ताठ करायला हवी.

तैपेई 101 मध्ये हेच काम 660 टनांचा टांगता पोलादी गोळा करतो. तिथे स्प्रिंगऐवजी लोलक आहे, त्यामुळे ठेका वजनावर नाही, दोरांच्या लांबीवर ठरतो. ऑगस्ट 2015 च्या सौदेलोर वादळात हा गोळा सुमारे 1 मीटर सरकला. वारा बराच वेळ वाहतो, म्हणून गोळ्याला लय पकडायला सवड मिळते. भूकंपाच्या पहिल्याच हिसक्याला तो फारसा उपयोगी नसतो. गोळा हलू लागेपर्यंत हिसका बसून गेलेला असतो.