खोलीच्या दारापर्यंत गरम नाश्ता

हॉटेलातल्या रूम सर्व्हिसमध्ये बऱ्याच चुका फोनवरच टाळता येतात. ऑर्डर घेणारा कर्मचारी खोली क्रमांक, पदार्थ आणि माणसे लिहून घेतो, सगळे पाहुण्याला पुन्हा वाचून दाखवतो आणि किती वेळ लागेल तेही सांगतो.

समजा, सकाळी ८ वाजता मसाला ऑम्लेट, टोस्ट आणि चहाची ऑर्डर आली. अशा नाश्त्यासाठी अनेक हॉटेलांत २० ते ३० मिनिटांचे उद्दिष्ट असते. ऑम्लेट तव्यावर पडण्याआधीच वेटर ट्रेवर कापड, काटा-सुरी, नॅपकिन, मीठ-मिरी, लोणी आणि जॅम मांडतो. जड किटली मध्याजवळ ठेवतात, म्हणजे ट्रे एका बाजूला कलत नाही. तिची तोटी आतल्या बाजूला वळवलेली असते. टोस्ट अगदी शेवटी येतो, कारण झाकणाखाली वाफ धरली की तो मऊ पडतो. निघण्यापूर्वी ट्रे ऑर्डरच्या कागदाशी ताडून पाहतात. विसरलेला एक चमचा म्हणजे लिफ्टची आणखी एक फेरी, आणि तेवढ्यात ऑम्लेट थंड! सकाळच्या गर्दीत लिफ्ट बराच वेळ खाऊ शकते; मोठ्या हॉटेलांत सेवेची लिफ्ट वेगळी असते.

जास्त माणसांचे जेवण ट्रॉलीवरून जाते. कोणत्या खोलीत काय गेले याची नोंद ठेवतात आणि साधारण तासाभराने फोन करून ती उचलायला माणूस पाठवतात. नोंद चुकली की ट्रॉली कॉरिडॉरमध्ये राहते, आणीबाणीत वाट अडवते, आणि पुढच्या जेवणाला भांडी कमी पडतात.