टेकडीवर नाडी १५८: वजन जास्त असलेल्यांनी पहिलं लक्ष्य कसं ठरवायचं?

निगडीची दुर्गा टेकडी पहाटेपासून गजबजलेली असते. समजा, चाकण एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारे ४६ वर्षांचे एक गृहस्थ तिथे पहिल्यांदाच आलेत. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९६ किलो, म्हणजे बीएमआय ३४. भारतीयांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. अर्धी चढण झाली आणि मनगटावरचं घड्याळ १५८ दाखवत लाल झालं. धाप लागलीय, सोबतचा सहकारी मात्र गप्पा मारत पुढे चाललाय.

चूक पायांची नाही, जागेची आणि आकड्याची आहे. ९६ किलो वजन चढावर उचलायला ७० किलोच्या माणसापेक्षा बराच जास्त ऑक्सिजन लागतो. सवय नसलेलं हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं, त्यामुळे ती मागणी ठोके वाढवूनच भागवतं.

जिमच्या भिंतीवरचा तक्ता

बहुतेक जिममध्ये एक रंगीत तक्ता लावलेला असतो. २२० मधून वय वजा करा, उरलेल्याच्या ६० ते ७० टक्के म्हणजे 'चरबी जळण्याचा झोन'. या गृहस्थांसाठी २२० वजा ४६ म्हणजे १७४, आणि झोन १०४ ते १२२.

हे सूत्र १९७१ च्या सुमारास अमेरिकेतल्या फॉक्स आणि हॅस्केल यांच्या कामातून पुढे आलं. आधीच्या काही अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून त्यांनी ढोबळ अंदाज काढला होता. एकेका माणसाच्या बाबतीत तो १०-१२ ठोके इकडे-तिकडे सहज होतो. लठ्ठ प्रौढांची तपासणी करून मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वेगळं सूत्र सुचवलं: २०० वजा वयाच्या निम्मे. त्याने कमाल नाडी १७७ येते. फरक तीनच ठोक्यांचा, म्हणजे खरी अडचण इथे नाही.

अडचण अशी की तक्ता बसल्या जागेची नाडी विचारतच नाही. वजन जास्त आणि हालचाल कमी असेल तर शांत बसल्यावरची नाडीही अनेकदा चढी असते. या गृहस्थांची ८४ आहे. तक्त्यातला १०४ हा आकडा तिच्यापेक्षा फक्त २० ने जास्त. कंपनीची बस पकडायला झपझप चालले तरी तो गाठला जातो. मग माणसाला वाटतं, यात काय व्यायाम, आणि तो थेट टेकडीवर जातो.

आपल्या आकड्यांवरून झोन

फिनलंडच्या कार्व्होनेन यांच्या १९५७ च्या कामावरून आलेली पद्धत इथे जास्त उपयोगी पडते. कमाल नाडीतून विश्रांतीची नाडी वजा करायची. जे उरतं ते राखीव ठोके, म्हणजे हृदयाला वर चढायला असलेली जागा.

१७७ वजा ८४ म्हणजे ९३. त्याचे ३० टक्के २८, ते ८४ मध्ये मिळवले की ११२. ४० टक्के ३७, म्हणजे १२१. बैठी सवय असलेल्याने सुरुवात ११२ ते १२१ या हलक्या पट्ट्यात करावी. १२१ ते १४० हा मध्यम व्यायामाचा पट्टा, तो नंतरचा. टेकडीवरचे १५८ हे राखीव ठोक्यांच्या ८० टक्के होतात. पहिल्या दिवशी हे फारच झालं.

त्याच वयाच्या सहकाऱ्याची विश्रांतीची नाडी ६२ असेल, तर १२० वर तो आपल्या राखीव ठोक्यांच्या निम्म्यावर असतो. हे गृहस्थ १२० वर जेमतेम ३९ टक्क्यांवर असतात. त्यामुळे मित्राच्या घड्याळातला आकडा आपल्या कामाचा नाही.

पहिला आठवडा मोजण्याचा

विश्रांतीची नाडी तीन दिवस, झोपेतून उठल्या उठल्या, अंथरुणातच मोजावी. चहा आणि तंबाखूच्या आधी. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद. शिफ्ट बदलत असेल तर घड्याळातली वेळ बघू नये, झोपेनंतरची वेळ बघावी. रात्रपाळीनंतर अर्धवट झोप झालेल्या दिवसाचा आकडा धरू नये. इथे आकडे आले ८६, ८३, ८३, सरासरी ८४.

मग सपाट रस्त्यावर १० मिनिटं नेहमीच्या चालीने चालायचं. भोसरीच्या तळ्याकाठी किंवा सोसायटीच्या आवारातही चालेल. तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या मिनिटाला आकडा टिपायचा. समजा, १०८, ११६ आणि १२१ आला. चाल तीच, तरी नाडी चढत गेली. सवय नसलेल्या शरीरात असं होतंच, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात जास्त होतं. त्यातून लक्ष्य आपोआप दिसतं: सध्या १० मिनिटं, १२१ च्या आत, आठवड्यातून पाच दिवस.

१२१ ओलांडला की थांबायचं नाही, चाल कमी करायची. दहाव्या मिनिटाचा आकडा ११५ च्या आसपास उतरला की पाच मिनिटं वाढवायची. वेग नंतर, चढण त्याहून नंतर. अशाने ३० मिनिटांपर्यंत यायला दोन महिने लागले तर ते हळू नाही. वजनाचा काटा या काळात फार हलणार नाही, पण त्याच फेरीला नाडी कमी लागते, हा बदल काट्याच्या आधी दिसतो.

घड्याळ कधी फसवतं

मनगटाचं घड्याळ प्रकाशाने रक्ताचा प्रवाह टिपतं. पट्टा सैल असेल तर ते कधीकधी ठोक्यांऐवजी पावलं मोजू लागतं. मिनिटाला ११० पावलं, आणि नाडीही हट्टाने ११० वरच. अशा वेळी थांबून लगेच बोटांनी १५ सेकंद मोजावी, चाराने गुणावी. पाच-सहा ठोक्यांपेक्षा जास्त फरक आला तर पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधावा.

दुसरी फसगत गोळ्यांची. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखी औषधं चालू असतील तर ती नाडी वाढूच देत नाहीत. आकडा १०५ वर अडकतो आणि माणूस दमेपर्यंत चालत राहतो. बरीच वर्षं मधुमेह असेल, तर नसांवर परिणाम होऊनही असंच घडू शकतं. इथे वरचं गणित बाजूला ठेवायचं आणि बोलून पाहायचं: चालताना पूर्ण वाक्य सहज बोलता आलं तर जोर हलका, तीन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर जास्त. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही.

छातीवर दाब, जबडा किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, अनियमित धडधड, यांपैकी काहीही झालं तर त्याच जागी थांबायचं. काही मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन करायचा. बरं वाटलं तरी डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुन्हा चालायला जायचं नाही. विश्रांतीची नाडी वारंवार १०० च्या वर येत असेल, तर चालायला लागण्याआधी दवाखाना. रक्त कमी असणं किंवा थायरॉइड, अशी कारणंही त्यामागे निघतात. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आधीपासून असलेल्यांनी पहिल्या १० मिनिटांआधीच डॉक्टरांना विचारावं.

दुर्गा टेकडीची पाळी येते ती सपाट रस्त्यावर ३० मिनिटं १२१ च्या आत जमल्यावर. तेव्हाही आधी पायथ्याची थोडीशीच चढण, आणि १४० दिसला की उभं राहून नाडी १२० च्या खाली येईपर्यंत थांबायचं.