खरेदी एक, पैसे दोनदा

समजा, एका दुकानाच्या वेबसाइटवर तुम्ही २,४०० रुपयांची खरेदी केली आणि ‘पैसे भरा’ हे बटण एकदाच दाबलं. दुकानाच्या सर्व्हरने पेमेंट कंपनीकडे मागणी पाठवली. तिथे तुमच्या कार्डावरून पैसे वळतेही झाले, पण तसा निरोप परत येताना नेटवर्क तुटलं. दुकानाच्या सर्व्हरने ३० सेकंद वाट पाहिली आणि प्रोग्राममध्ये लिहिल्याप्रमाणे मागणी पुन्हा पाठवली. पेमेंट कंपनीला ती नवीच खरेदी वाटली. आणखी २,४०० रुपये गेले.

इथे घोटाळा एका गृहीतकाचा आहे: उत्तर आलं नाही, म्हणजे काम झालं नाही. खरं तर मागणी पोचलीच नसेल, किंवा काम होऊन फक्त उत्तर हरवलं असेल. दुकानाच्या बाजूने दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात. पुन्हा प्रयत्न करणंच बंद केलं, तर पहिल्या प्रसंगात खरेदी अडकून पडते. म्हणून प्रयत्न पुन्हा करायचा, पण तो जुनाच आहे हे समोरच्याला ओळखता आलं पाहिजे.

त्यासाठी मागणीसोबत एक खूण पाठवतात. तिला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. स्ट्राइप या पेमेंट कंपनीकडे ती `Idempotency-Key` या नावाने जाते. पहिल्यांदा आलेली की आणि त्या मागणीचं उत्तर कंपनी जपून ठेवते. तीच की पुन्हा आली, तर पैसे न कापता जुनंच उत्तर परत देते. की तीच पण रक्कम वेगळी असेल, तर चूक दाखवून मागणी नाकारते.

एवढी सोय असूनही पैसे दोनदा जातात, कारण की चुकीच्या जागी तयार होते:

```python
for n in range(3):
    key = str(uuid4())
    if charge(order, key):
        break
```

इथे प्रत्येक प्रयत्नाला नवी की मिळते, म्हणजे की असून नसल्यासारखीच. ती या फेऱ्यांच्या आधी, एका खरेदीसाठी एकदाच तयार व्हायला हवी आणि मागणी पाठवण्यापूर्वी डेटाबेसमध्ये नोंदलेली हवी. नाहीतर मधेच सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की तो नवी की बनवतो. हा दोष नोंदींमध्ये लगेच सापडतो: ऑर्डर एक, यशस्वी व्यवहार दोन, की वेगवेगळ्या आणि मधलं अंतर साधारण वाट पाहण्याच्या मुदतीएवढं.

कीलाही मर्यादा आहे. स्ट्राइप ती किमान २४ तास ठेवते. त्यानंतर ती पुसली जाऊ शकते आणि मग जुनी कीदेखील नवी ठरते. म्हणून दुसऱ्या दिवशी अडकलेली ऑर्डर पुढे रेटण्याआधी पहिल्या व्यवहाराचं काय झालं, ते पेमेंट कंपनीकडे तपासायलाच हवं.

ग्राहक म्हणून तुम्हाला एका खरेदीचे दोन मेसेज आले, तर दोन्ही व्यवहार क्रमांक विक्रेत्याला कळवा. ते वेगळे असतील, तर पैसे दोनदा गेल्याचा तो तुमच्या हातातला पुरावा आहे.