'खेड बाजारात पाणी शिरलं' असं शोधलं, तर आधी काय दिसतं? समजून घ्या हायब्रिड सर्च

खेड एकच नाही. एक रत्नागिरीतलं, जगबुडी नदीकाठचं. दुसरा पुणे जिल्ह्यातला तालुका, ज्याचं मुख्य ठिकाण राजगुरुनगर. समजा, कोकणातल्या कुणीतरी बातम्यांच्या साठ्यात 'खेड बाजारात पाणी शिरलं' असं शोधलं. साठ्यात या तीन काल्पनिक बातम्या आहेत:

(अ) जगबुडीला पूर, खेड बाजारपेठेत पाणी
(ब) खेड बाजारात पाणी नाही, व्यापारी हैराण (पुणे जिल्हा)
(क) वाशिष्ठीला पूर, चिपळूणमधली दुकानं बुडाली

दोन पद्धती, दोन चुका

शब्द जुळवणारा शोध, उदाहरणार्थ बीएम२५, जुळलेल्या शब्दांना गुण देतो. दुर्मिळ शब्दाला जास्त गुण मिळतात. 'ब'मध्ये तीन शब्द जसेच्या तसे जुळतात, म्हणून टंचाईची बातमी पहिली येते. 'बाजारात' आणि 'बाजारपेठेत' हे त्याला वेगळे शब्द वाटतात, त्यामुळे 'अ' दुसरी. 'क'मध्ये एकही शब्द जुळत नाही, म्हणून ती यादीतच नाही.

व्हेक्टर शोध वाक्याचा अर्थ आकड्यांच्या रांगेत मांडतो आणि जवळचे अर्थ शोधतो. पाणी शिरणं म्हणजे पूर, हे त्याला कळतं. पण गावाचं नाव निसटू शकतं. समजा, त्याने 'क' पहिली, 'अ' दुसरी आणि 'ब' दहावी ठेवली.

बेरीज का चुकते?

हायब्रिड सर्च दोन्ही याद्या एकत्र करतो. पण नुसती बेरीज चालत नाही. 'ब'ला शब्दांचे ११.४ आणि अर्थाचे ०.५२ गुण असतील, 'अ'ला ७.९ आणि ०.८६, तर 'ब'च जिंकते. मोजपट्ट्याच वेगळ्या असल्याने अर्थाच्या गुणांना किंमतच उरत नाही. एक उपाय म्हणजे दोन्ही गुण आधी ० ते १ च्या पट्टीवर आणणं.

दुसरा उपाय गुण सोडून फक्त क्रमांक बघतो. ही 'रेसिप्रोकल रँक फ्यूजन' पद्धत गॉर्डन कॉर्मॅक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली. प्रत्येक यादीतल्या क्रमांकावरून हा आकडा काढून बेरीज करायची:

```
१ / (६० + क्रमांक)
```

'अ': १/६२ + १/६२ = ०.०३२३
'ब': १/६१ + १/७० = ०.०३०७
'क': १/६१ = ०.०१६४

कुठेच पहिली नसलेली 'अ' वर आली, कारण दोन्ही याद्यांना ती पटली.

हे कुठे फसतं?

दोन्ही याद्यांत पन्नासाव्या असलेल्या बातमीला २/११०, म्हणजे ०.०१८२ मिळतात. एकाच यादीत पहिल्या आलेल्या बातमीपेक्षा हे जास्त! म्हणून सातबाऱ्याचा गट क्रमांक किंवा नेमकं आडनाव शोधताना अचूक नोंद फक्त शब्दांच्या यादीत असेल, तर ती मागे ढकलली जाऊ शकते. नेमकी नोंद शब्दांच्या शोधात पहिली येते, पण एकत्रित यादीत खाली घसरते, असं दिसलं तर हेच घडतंय. अशा वेळी शब्दांच्या यादीला जास्त वजन द्यावं लागतं.